तीन कलमे, एक हिशेब

गेल्या महिन्यात सांगलीहून एक तरुण व्यापारी भेटीस आले. आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरी हळदीची अडत आहे. वडिलांनी मुंबई व दिल्लीपर्यंत माल धाडला, आणि आता हे चिरंजीव गेल्या तीन वर्षांपासून परदेशी निर्यात करतात. पिशवीतून त्यांनी दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. एक जुन्या सौद्याचे करारपत्र होते, दुसरा त्याच खरेदीदाराने पाठविलेला नव्या सौद्याचा मसुदा. "काका, पहिल्या सौद्यात हात पोळले आहेत. दुसऱ्यावर सही करण्यापूर्वी तुम्ही एकदा नजर घाला," ते म्हणाले.

जुना करार वाचावयास मला पाच मिनिटेही लागली नाहीत, आणि त्याचा दोष नेमका तोच होता. माल: सांगलीची हळकुंडे, पॉलिश केलेली. परिमाण: १९ मेट्रिक टन, २५ किलोची ७६० पोती, एक वीस फुटी कंटेनर. दर: टनास २,००० डॉलर, सीआयएफ रॉटरडॅम. (दर व पक्षकारांची ओळख मी हिशेबाच्या सोयीसाठी बदलली आहे.) त्यापुढे गुणवत्तेसाठी दोनच शब्द होते, 'मंजूर नमुन्याप्रमाणे'. ओलाव्यासाठी 'कमाल १० टक्के' आणि तपासणीसाठी 'स्वतंत्र सर्वेअरकडून' असे लिहिले होते. वजनाविषयी परिमाणाखेरीज एक अक्षरही नव्हते.

माल निघाला तेव्हा न्हावा शेवा येथे सर्वेअरने नमुने काढून दाखला दिला होता: निव्वळ वजन १९,००० किलो, ओलावा ९.८ टक्के. सुमारे सहा आठवड्यांनी रॉटरडॅमहून पत्र आले. त्यात लिहिले होते की, गोदामात उतरविलेल्या मालाचे निव्वळ वजन १८,७२० किलो भरले, म्हणजे २८० किलोची तूट आली. आणि तेथील प्रयोगशाळेने ओलावा ११.६ टक्के दाखविला, म्हणजे मर्यादेपेक्षा १.६ टक्के अधिक. तुटीबद्दल ५६० डॉलर व ओलाव्याबद्दल किमतीच्या १.६ टक्के, म्हणजे ६०८ डॉलर, एकूण १,१६८ डॉलरची कपात त्यांनी मागितली होती. शिवाय 'कमाल' मर्यादा ओलांडली गेल्यामुळे संपूर्ण माल नाकारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवीत आहोत, अशी शेवटची ओळ होती. त्या ओळीने या तरुणाची झोप उडाली होती.

"तुम्ही उत्तर काय दिलेत?" मी विचारले.

"काय देणार? आमच्या दाखल्यात ९.८ आहे आणि त्यांच्या ११.६. दोघांनीही आपापला कागद पुढे केला. शेवटी संबंध टिकावा म्हणून सगळी रक्कम कापून घेऊ दिली."

मी त्यांना कागद-पेन्सिल घ्यावयास सांगितले. या हिशेबास दहा मिनिटे लागतात, आणि तो प्रत्येक निर्यातदाराला स्वतःच्या हाताने मांडता यावा असे मला वाटते.

हळकुंड असो, हरभरा असो वा गहू, त्याच्या वजनाचे दोन भाग असतात. एक पाणी, दुसरा पाण्यावाचून उरणारा सुका अंश. प्रवासात पाणी कमी-अधिक होते, सुका अंश होत नाही. पोती फुटली नाहीत, सील शाबूत आहे, कीड लागलेली नाही, तर जितका सुका अंश भरला तितकाच उतरला पाहिजे. १९,००० किलो मालात ९.८ टक्के पाणी असेल, तर सुका अंश ९०.२ टक्के, म्हणजे १७,१३८ किलो. आता रॉटरडॅमचे आकडे घ्या. १८,७२० किलो मालात ११.६ टक्के पाणी असेल तर सुका अंश ८८.४ टक्के, म्हणजे सुमारे १६,५४८ किलो. दोहोंत ५९० किलोंचा फरक पडतो. ही जवळजवळ चोवीस पोत्यांची हळद झाली. सील शाबूत असताना आणि पोती मोजून ७६० असताना ही हळद गेली कोठे?

हाच प्रश्न उलट बाजूनेही मांडता येतो. ओलावा खरोखर ९.८ वरून ११.६ वर गेला असता, तर मालाने पाणी शोषलेले असते आणि वजन वाढून सुमारे १९,३८७ किलो व्हावयास हवे होते. खरेदीदाराच्या पत्राप्रमाणे माल एकाच वेळी अधिक ओलाही झाला होता आणि हलकाही झाला होता. या दोन तक्रारी एका घरात नांदू शकत नाहीत. त्यांतली एक चुकीची असलीच पाहिजे. वजन काट्यावर मोजलेले होते आणि दर पोत्यामागे सुमारे ३७० ग्रॅमची घट सर्व पोत्यांत सारखी होती. तेव्हा संशय ओलाव्याच्या आकड्यावरच जातो.

मी त्यांना रॉटरडॅमच्या अहवालातील बारीक अक्षरांची ओळ वाचावयास लावली. ओलाव्यासमोर पद्धत लिहिली होती: भट्टीत सुकवून. सांगलीच्या दाखल्यात त्याच जागी टोल्युइन ऊर्ध्वपातन असे होते. सारा घोळ या दोन ओळींत होता.

धान्याचा ओलावा मोजताना दळलेला नमुना तापलेल्या भट्टीत ठरावीक वेळ ठेवतात आणि जितके वजन घटले तितके पाणी गेले असे धरतात. गव्हात वा हरभऱ्यात उष्णतेने उडून जाणारे पाण्याखेरीज फारसे काही नसते, म्हणून तेथे ही पद्धत रास्त आहे. हळदीची गोष्ट निराळी. हळद, मिरी, आले, वेलची यांत उडून जाणारे सुगंधी तेल असते, आणि आपण मसाल्याचे दाम देतो ते बव्हंशी त्यासाठीच. भट्टीत पाण्याबरोबर या तेलाचाही काही भाग उडतो आणि यंत्र त्याला पाणी समजून मोजते. म्हणून मसाल्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक निराळे आहे, आयएसओ ९३९. त्यात भरडलेला नमुना टोल्युइन नावाच्या द्रावकात उकळतात. वाफ थंड होऊन आखलेल्या काचनळीत उतरते. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. टोल्युइन हलके, ते वर राहते, आणि सुगंधी तेल टोल्युइनमध्ये विरघळून वरच्या थरातच थांबते. तळाचे पाणी डोळ्यांनी वाचता येते. बाजारसमितीत आपण खिशातून काढतो ते विजेवरचे ओलावामापक यंत्र यांपैकी कशाचीच जागा घेत नाही. ते खरेदीच्या वेळचा अंदाज सांगते, करारातला पुरावा होऊ शकत नाही.

आता सुक्या अंशावरून मागे चला. १७,१३८ किलो सुका अंश १८,७२० किलो मालात आहे, तर पाणी साधारण ८.४५ टक्के असले पाहिजे. म्हणजे माल वाटेत ओला झालाच नव्हता, उलट सुकला होता. भट्टीने दाखविलेल्या ११.६ पैकी तीन टक्क्यांहून थोडे अधिक पाणी नव्हते, ते तेल होते. खरेदीदाराने चांगली सुगंधी हळद मिळाल्याबद्दल दंड वसूल केला होता!

सुदैवाने सर्वेअरच्या कचेरीत रॉटरडॅमच्या नमुन्याची एक सीलबंद बाटली अजून शिल्लक होती. या गृहस्थांनी तिची तपासणी आयएसओ ९३९ प्रमाणे करून घेण्याची विनंती केली. आकडा आला ८.५. खरेदीदार प्रामाणिक होता. त्याने ६०८ डॉलर पुढील बिलात परत देण्याचे मान्य केले. तो मुख्यतः धान्याचा व्यापारी होता आणि त्याच्या नेहमीच्या प्रयोगशाळेने नेहमीचीच पद्धत वापरली होती, एवढेच. येथे कोणी लबाडी केलेली नव्हती. करारात ओलाव्याचा आकडा होता, पण तो कसा मोजावयाचा हे नव्हते, आणि रिकामी जागा ज्याच्या हाती प्रयोगशाळा होती त्याने भरली.

राहिली २८० किलोंची तूट. ती खरी होती. तरुण व्यापाऱ्यांचा प्रश्न असा: "ओलावा ९.८ वरून ८.४५ झाला, म्हणजे १.३५ टक्के उतरला. वजन मात्र १.४७ टक्के कमी झाले. हे अधिकचे कोठून आले?" येथे पुष्कळांची गफलत होते. ओलाव्याची टक्केवारी ज्या वजनावर काढतात ते वजनही सुकताना कमी होत असते. त्यामुळे वजनातील घट ओलाव्याच्या फरकापेक्षा नेहमीच थोडी मोठी असते. ओलावा एक टक्का उतरला तर वजन बरोबर एक टक्का उतरेल, असे धरून चालणारा निर्यातदार प्रत्येक खेपेस थोडा हरतो.

ही तूट कोणी सोसावयाची, हे वजनाच्या कलमाने सांगावयाचे असते, आणि तेच कलम येथे नव्हते. सीआयएफ सौद्यात माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. म्हणून भरताना वजन पुरते होते आणि वाटेत नैसर्गिक घट झाली, तर विक्रेत्याची बाजू भक्कम मानावी लागेल. पण परदेशात बसलेल्या खरेदीदाराशी ५६० डॉलरसाठी लवादात जाणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. करारात जे लिहिलेले नसते ते अखेर भिडेने ठरते, आणि भीड बहुधा विकणाऱ्यालाच पडते.

आता नव्या मसुद्याकडे वळू. तो पहिल्यापेक्षा लांब होता, परंतु लांबीने भुलू नये. मी तो वाचताना प्रत्येक आकड्यापुढे चारच प्रश्न लिहीत गेलो: हा आकडा कोठे मोजावयाचा, कोणी मोजावयाचा, कोणत्या रीतीने, आणि तो चुकला तर काय होणार? ज्या आकड्याला चारही उत्तरे नाहीत, तो आकडा अपुरा.

प्रथम गुणवत्ता. मसुद्यात पुन्हा 'मंजूर नमुन्याप्रमाणे' होतेच, आणि खाली तपशिलाची यादीही होती: ओलावा, कुरकुमिनचे किमान प्रमाण, तुटलेल्या हळकुंडांचे व गड्ड्यांचे कमाल प्रमाण, बाहेरची माती-कचरा. आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे कलम १५ येथे लक्षात ठेवावे. माल नमुन्यावरही विकला आणि वर्णनावरही विकला, तर तो नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. म्हणजे दोन्ही लिहून विक्रेत्याने आपल्या डोक्यावर दोन कसोट्या घेतल्या. त्यातच नमुना सहा महिन्यांपूर्वी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कुरिअरने गेलेला. इतक्या काळात त्याचा ओलावा बदललेला असणार आणि रंगही उजेडाने फिका झालेला असू शकतो. मी सुचविले की नमुना केवळ रंग, आकार आणि पॉलिश यांपुरता ठेवा, आणि जे जे प्रयोगशाळेत मोजता येते ते यादीवर सोपवा, असे स्पष्ट लिहा.

मग अंतिम दाखल्याचे वाक्य. मसुद्यात होते: 'भरणाच्या ठिकाणचा सर्वेअरचा दाखला गुणवत्तेबाबत अंतिम राहील.' हे वाक्य विक्रेत्याच्या फार उपयोगाचे आहे आणि त्याची ताकद किती, हे सांगणारा एक जुना निवाडा आहे. १९७० च्या दशकात लंडनच्या अपील न्यायालयापुढे टोफर विरुद्ध कॉन्टिनेन्टल ग्रेन हा खटला आला होता. सौदा अमेरिकन ड्यूरम गव्हाच्या एका ठरावीक 'हार्ड' प्रतीचा होता आणि तपासणी दाखला अंतिम राहील असे ठरलेले होते. दाखल्यात ती प्रत लिहिली गेली, प्रत्यक्षात गहू तसा नव्हता. तपासनिसाची चूक झाली होती. तरीही न्यायालयाने ठरविले की दाखला दोन्ही पक्षांस बांधतो. 'अंतिम' या शब्दाचा अर्थ, चूक असली तरी अंतिम. लबाडीने मिळविलेल्या दाखल्याला मात्र हे संरक्षण नाही. आंतरराष्ट्रीय धान्यसौद्यांत इंग्लिश कायदा अनेकदा लागू केलेला असतो, म्हणून हा निवाडा आपल्या पेढीपासून वाटतो तितका दूर नाही.

तरुण व्यापारी खूश झाले. मी त्यांना मसुद्याचे शेवटचे पान उलटावयास सांगितले. तेथे 'इतर अटी' या मथळ्याखाली एक ओळ होती: 'माल गंतव्य बंदरी पोहोचताना वरील सर्व गुणवत्ता-निकषांशी जुळणारा असावा.' पहिल्या पानाने जे दिले ते शेवटच्या पानाने काढून घेतले. भांडण झाले असते तर दोन वाक्यांपैकी कोणते वरचढ, यावरच वर्ष गेले असते. कीटकनाशकांचे अंश, शिसे, बाहेरचा रंग यांच्या बाबतीत युरोपातील प्रवेशाचा कायदा पाळलाच पाहिजे, त्यात खरेदीदाराचे चुकत नाही. तेवढ्यापुरती ती ओळ ठेवा, पण त्या चाचण्यांची नावे घालून. ओलावा, कुरकुमिन, तुकडा यांना ती लागू नाही असे लिहा.

आता ओलावा. 'कमाल १० टक्के' ही अट कशी वागते हे समजावून सांगणे अवघड नाही. ती कुंपणासारखी आहे: आत तर आत, बाहेर तर बाहेर. १०.१ निघाले तरी अट मोडली, आणि बाजारभाव पडलेला असेल तर खरेदीदाराला माल नाकारण्याचा मोह त्या दशांशामुळे होऊ शकतो. आपल्या बाजारसमितीत ओलसर माल आला तर सौदा मोडत नाहीत, भावात फरक करतात. करारातही तोच समंजसपणा लिहून ठेवता येतो. आम्ही दोघांनी मिळून जे कलम तयार केले ते असे:

'ओलावा: मूळ आधार १० टक्के, आयएसओ ९३९ पद्धतीने, भरणाच्या ठिकाणी काढलेल्या नमुन्यावर. १० ते ११ टक्क्यांपर्यंत प्रत्येक एक टक्क्यास करार-किमतीच्या एक टक्का कपात, अपूर्णांकास त्या प्रमाणात. ११ टक्क्यांच्या वर माल नाकारण्याचा पर्याय खरेदीदारास.'

कोणी विचारील की कपात एकास एक का? कारण पाण्याला हळदीचा भाव देऊ नये, एवढीच तिची कल्पना आहे. काही खरेदीदार एकास दोनही मागतात. ओला माल दळताना चिकटतो, त्याला बुरशी लागू शकते, असे त्यांचे म्हणणे असते आणि त्यात तथ्यही आहे. पण वजनाचे कलम उतरत्या वजनावर असेल, तर ही मागणी नीट तपासावी. माल वाटेत सुकला तर वजनात विक्रेता हरतो. ओला राहिला तर ओलाव्यात हरतो. दोन्ही मोजणी एकाच ठिकाणी ठेवली, तरच या दोहोंचा मेळ बसतो. ओलावा भरताना आणि वजन उतरताना, ही जोडी मी शक्यतो होऊ देत नाही.

नमुना काढण्याच्या रीतीवर मी थोडा अधिक वेळ घेतला, कारण प्रयोगशाळा कितीही उत्तम असली तरी तिच्याकडे पोहोचते ती अर्धा किलो हळद. धान्याच्या पोत्यात पोकळ नळी खुपसून मधला दाणा काढता येतो. हळकुंडांत ती नळी शिरत नाही; पोते उघडून ओतावेच लागते. हमालांना ते आवडत नाही आणि सर्वेअरलाही घाई असते, म्हणून दारापाशी असलेली चार पोती उघडून काम उरकण्याकडे कल असतो. शंभरावर पोती असतील तर त्यांच्या वर्गमूळाइतकी पोती उघडण्याचा रूढ नियम आहे. ७६० पोत्यांसाठी ती अठ्ठावीस होतात, आणि ती थप्पीच्या सर्व भागांतून निवडलेली असावीत. सर्व नमुने एकत्र करून, चौभाग पाडीत ते कमी करावेत आणि शेवटी तीन सीलबंद भाग करावेत: एक विक्रेत्याचा, एक खरेदीदाराचा, एक सर्वेअरकडे वादासाठी राखलेला. ओलाव्याचा नमुना काचेच्या वा हवाबंद धातूच्या डब्यातच हवा. कापडी पिशवीतला नमुना पावसाळ्यात पाणी ओढतो, उन्हाळ्यात सोडतो, आणि पंधरा दिवसांनी तो तुमच्या मालाविषयी काही सांगत नाही, फक्त ज्या कपाटात होता त्या कपाटाविषयी सांगतो. पहिल्या सौद्यात ते वाचले ते केवळ त्या एका बाटलीमुळे. नव्या करारात राखीव नमुना किती दिवस ठेवावयाचा हेही घाला. माल पोहोचल्यानंतर निदान नव्वद दिवस असावेत असे मी सांगितले.

समुद्रप्रवासात कंटेनरच्या छताला दव धरून वरची पोती भिजणे, किंवा छिद्रातून पाणी शिरणे, हा ओलाव्याच्या कलमाचा विषय नव्हे. तो विम्याचा विषय आहे. डागाळलेली पोती वेगळी काढून त्यांचा वेगळा पंचनामा व्हावा. सर्व नमुन्यांत ती मिसळली की एक विमादावा आणि एक गुणवत्तादावा, दोन्ही नासतात.

अखेरीस वजन. येथे दोन वाक्यांत निवड असते: भरताना मोजलेले वजन अंतिम, किंवा उतरताना मोजलेले. पहिले विक्रेत्याला सोयीचे, दुसरे खरेदीदाराला. यांच्या मध्ये एक वाट आहे, ती म्हणजे तुटीची सूट. 'उतरलेले वजन, एक टक्का तूट माफ' असे लिहितात आणि दोन्ही पक्ष समाधानाने सही करतात. पुढे कळते की प्रत्येकाच्या मनात निराळा अर्थ होता. तूट एक टक्क्याच्या आत असेल तर काही द्यावयाचे नाही, येथवर दोघांचे एकमत असते. पण ती १.४७ टक्के निघाली तर? एका वाचनाप्रमाणे मर्यादा ओलांडली म्हणून संपूर्ण २८० किलोंचे ५६० डॉलर द्यावयाचे. दुसऱ्या वाचनाप्रमाणे एक टक्का, म्हणजे १९० किलो, तरीही माफच. उरलेल्या ९० किलोंचे फक्त १८० डॉलर. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, पण व्यवहारात ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. म्हणून शब्दावर विसंबू नये, उदाहरणच घालावे. 'तूट १.५ टक्के असल्यास भरपाई ०.५ टक्क्याची' इतके लिहिले की पुरे.

निव्वळ वजन म्हणजे बारदान वजा करून, हेही स्पष्ट हवे. प्लॅस्टिक विणीचे २५ किलोचे पोते हलके असते. गोणपाटाचे जड, आणि ते स्वतःही पाणी पिते. रिकाम्या दहा-वीस पोत्यांचे वजन करून सरासरी घ्यावी व ती दाखल्यात नोंदवावी. आणखी एक सावधगिरी. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन जहाजकंपनीला द्यावे लागते. ते जहाजाच्या सुरक्षेसाठी आहे, बिलासाठी नव्हे. कंटेनरसकट वजनकाट्यावर केलेल्या त्या मोजणीस कोणी निव्वळ वजनाचा पुरावा म्हणून पुढे केले, तर नाकारावे.

परिमाणाच्या ओळीत मी एक छोटी दुरुस्ती केली, आणि तिचा संबंध बँकेशी होता. एल.सी.वरील व्यवहारास लागू होणाऱ्या यूसीपी ६०० नियमावलीच्या ३० व्या कलमाने परिमाणात पाच टक्के अधिक-उणे चालते. पण एल.सी.त परिमाण पोत्यांच्या वा नगांच्या संख्येत दिलेले असेल तर ही सवलत मिळत नाही, आणि एकूण रक्कमही एल.सी.च्या रकमेपलीकडे जाता कामा नये. 'परिमाण ७६० पोती' असे एल.सी. उघडले गेले आणि कंटेनरमध्ये ७५२ च बसली, तर बँक कागद परत करू शकते. म्हणून '१९ मेट्रिक टन, पाच टक्के अधिक-उणे विक्रेत्याच्या पसंतीने' असे करारात असावे, एल.सी.तही परिमाण व रक्कम या दोहोंना तेच लागू करून घ्यावे, आणि पोत्यांची संख्या केवळ बांधणीच्या वर्णनात जावी.

दुरुस्त मसुदा दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमला गेला. आठवड्याने उत्तर आले. ओलाव्याची पद्धत, राखीव नमुना आणि शेवटच्या पानावरील ओळीची दुरुस्ती त्यांनी विनातक्रार मान्य केली. वजनाच्या बाबतीत मात्र ते अडून बसले. भरतानाचे वजन अंतिम मानणे त्यांच्या पेढीत चालत नाही, असे त्यांनी कळविले. तरुण व्यापाऱ्यांनी मला दूरध्वनी केला. मी विचारले, "मागच्या खेपेस पावसाळ्यात माल भरला होता ना? या वेळी?" ते म्हणाले, "मार्चमध्ये." मार्चमधील सांगलीची हवा कोरडी असते आणि हळद ओलाव्याने आधीच खाली उतरलेली असते. तेव्हा वाटेतील घट मागच्याइतकी होण्याचे कारण दिसत नव्हते. त्यांनी उतरलेले वजन स्वीकारले, एक टक्का तूट सर्व परिस्थितीत माफ, त्यापलीकडे फक्त अधिकची भरपाई, आणि खाली उदाहरणाची ती एक ओळ. ओलाव्याची मोजणी मात्र मग दोन्ही टोकांना व्हावी आणि सुक्या अंशाचा हिशेब वजनाच्या दाव्यासोबत जोडलेला असावा, एवढी अट त्यांनी स्वतः होऊन घातली. ती मला सुचली नव्हती.